गाडी ढकलण्याआधी कान द्या!

बॅटरी उतरली की 'दे धक्का' हा आपल्याकडचा जुना उपाय. पण आजच्या मोटारसायकलीत संगणक बसलेला आहे. धक्का कधी उपयोगी पडतो, कारच्या बॅटरीची मदत कशी घ्यावी आणि कोणत्या चुका महागात पडतात?

सकाळची घाईची वेळ. डबा पिशवीत, हेल्मेट डोक्यावर. किल्ली फिरवून बटण दाबावे, तर सीटखालून नुसताच 'टक् टक्' असा आवाज येतो आणि मीटरवरचे दिवे मान टाकतात. मग शेजारचे दोघेतिघे धावून येतात. एक जण म्हणतो, 'सेकंड गिअरमध्ये टाका, आम्ही ढकलतो.' दुसरा म्हणतो, 'कशाला दमता? माझ्या कारवरून वायर लावू.' तिसरा तर पान्हा घेऊन बॅटरी काढायलाच बसतो. तिघांचाही हेतू चांगला असतो आणि तिघांचेही सल्ले एके काळी बरोबर होते. आज मात्र गाडी कोणती आहे आणि बॅटरीत किती जीव उरला आहे, हे पाहिल्याशिवाय यातला एकही सल्ला मानू नये. कारण बॅटरी एक-दीड हजारात नवी येते, पण चुकीच्या मदतीने जळणारा भाग तिच्या कित्येक पट महाग असू शकतो.

धक्क्याने गाडी का सुरू होत असे?

जुन्या मोटारसायकलीत पेट्रोल टाकीतून आपल्याच वजनाने खाली कार्ब्युरेटरमध्ये उतरत असे. ठिणगीसाठी लागणारी वीज बहुतेक गाड्यांत इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोत तयार होई. म्हणजे इंजिन कसेही फिरवा, किकने फिरवा नाहीतर धक्क्याने, पेट्रोलही मिळे आणि ठिणगीही पडे. बॅटरी हवी असे ती हॉर्न आणि इंडिकेटरपुरती. याला अपवाद होते. जुन्या बुलेटची ठिणगी बॅटरीवर अवलंबून असे, म्हणूनच तिच्या हेडलाइटच्या डोक्यावर करंट दाखवणारा अँमीटर बसवलेला असे. पण एकंदरीत 'बॅटरी मेली तरी गाडी चालते' हा अनुभव खरा होता आणि तोच घराघरांत रुजला.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची प्रदूषणविषयक मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता टाकीत विजेवर चालणारा पंप असतो. तो पेट्रोल दाबाखाली पुढे पाठवतो. इंजेक्टर ते बारीक फवाऱ्याने इंजिनात सोडतो. किती सोडायचे आणि ठिणगी नेमकी केव्हा टाकायची, हे इसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. पंप, इंजेक्टर आणि इसीयू या तिघांनाही आधी बॅटरीची वीज लागते. बॅटरी पूर्ण मेलेली असेल, तर दहा जणांनी मिळून ढकलले तरी इंजिन फिरेल, पण त्यात पेट्रोलच जाणार नाही. काही गाड्यांना अजून किक आहे आणि त्यांतल्या काही बॅटरीशिवायही किकने सुरू होतात. पण आपली गाडी त्यांतली आहे की नाही, हे तिच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे, गृहीत धरू नये.

पंपाचा आवाज ऐका

मग नव्या गाडीला धक्का देण्यात काहीच अर्थ नाही का? तसेही नाही. इथे एक साधा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. स्टार्टरची मोटर इंजिनाला फिरवते, तेव्हा ती क्षणभर पन्नासच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त अँपिअर करंट ओढते. उलट पंप आणि इसीयू यांचे काम थोड्याच अँपिअरमध्ये भागते. म्हणजे स्टार्टर फिरवण्याची ताकद संपलेल्या बॅटरीत पंप चालवण्यापुरती ताकद उरलेली असू शकते. अशा वेळी स्टार्टरचे काम धक्क्याने केले की गाडी सुरू होते.

ही उरलेली ताकद ओळखण्यासाठी कुठलेही यंत्र लागत नाही. शांत जागी किल्ली 'ऑन' करावी, हँडलवरचा लाल बंद-बटणाचा स्विच चालू स्थितीत ठेवावा आणि टाकीजवळ कान द्यावा. दोन-तीन सेकंद 'घूंऽऽ' असा पंपाचा आवाज येतो आणि थांबतो. मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवाही लागतो. आवाज स्पष्ट असेल आणि दिवा नीट उजळत असेल, तर धक्का देऊन पाहायला हरकत नाही. आवाज खरखरीत, ओढल्यासारखा असेल तर आशा कमी. आवाजच नाही आणि मीटर काळे पडले असेल, तर ढकलण्यात दम घालवू नये.

त्याआधी एक गोष्ट मात्र जरूर पाहावी. सीट किंवा बाजूचे झाकण काढून बॅटरीची दोन्ही टर्मिनले हाताने हलवून बघा. पावसाळ्यात त्यांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर चढतो, किंवा खड्ड्यांच्या रस्त्याने स्क्रू सैल होतो. बॅटरी भरलेली असूनही गाडी अगदी 'टक् टक्' करते. स्क्रू आवळून आणि थर खरवडून काम होत असेल, तर पुढचा सगळा खटाटोप वाचला.

धक्का देण्याची रीत

रहदारी नसलेला सरळ रस्ता किंवा सौम्य उतार निवडावा. हेल्मेट घालावे. साइड स्टँड वर घ्यावा, कारण पुष्कळ नव्या गाड्यांत स्टँड खाली असेल तर इंजिन मुद्दाम बंद ठेवण्याची सोय असते आणि लोक घामाघूम होईपर्यंत ढकलत राहतात.

किल्ली ऑन करून पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबा. दुसरा गिअर टाका आणि क्लच पूर्ण दाबून धरा. पहिला गिअर नको. त्यात मागचे चाक इंजिनाला फिरवण्याऐवजी जागीच आवळले जाते आणि रस्त्यावर घासते. गाडीने धावत्या माणसाइतका वेग घेतला की सीटवर वजन टाकून क्लच झटक्यात सोडा. इंजिनाने 'भुर्र' म्हणताच क्लच लगेच पुन्हा दाबा आणि थोडा अॅक्सिलरेटर द्या. हे जमले नाही तर गाडी हिसका देऊन बंद पडते.

ढकलणाऱ्याने मागे दोन्ही हातांनी ढकलावे. दुसऱ्या मोटारसायकलवर बसून आपल्या गाडीच्या फुटरेस्टला पाय लावून रेटण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ती केवळ बंद गाडी पुढे नेण्यासाठीसुद्धा धोक्याची आहे, मग धक्क्याने सुरू करण्यासाठी तर विचारूच नका. इंजिन पकडते त्या क्षणी पुढची गाडी हिसका खाते आणि दोघेही पडतात.

दोन-तीन प्रयत्नांत गाडी सुरू झाली नाही, तर थांबावे. दर वेळी न जळलेले थोडे पेट्रोल सायलेन्सरकडे जाते. तिथे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. पुढे इंजिन पेटल्यावर हे पेट्रोल त्याच्या आत जळते आणि तो प्रमाणाबाहेर तापून खराब होऊ शकतो.

गिअर नसलेल्या स्कूटरच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. तिचा क्लच इंजिन वेगाने फिरू लागल्यावरच पकडतो. त्यामुळे बाहेरून चाक कितीही फिरवले, तरी ती फिरकी इंजिनापर्यंत पोचत नाही. तिला ढकलणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

एक गाडी, पाच आठवडे

आता एक उदाहरण घेऊ. मुलगा परगावी शिकायला गेला आणि त्याची १५० सीसीची इंजेक्शनची मोटारसायकल घराच्या आवारात पाच आठवडे झाकून उभी राहिली. तिची बॅटरी ५ अँपिअर-तासांची. चोरी होऊ नये म्हणून वडिलांनी तिच्यावर जीपीएस ट्रॅकर बसवून घेतला होता. किल्ली बंद असतानाही ट्रॅकर, घड्याळ वगैरे मिळून समजा सरासरी ५ मिलिअँपिअर करंट खातात. ऐकायला हे काहीच नाही. पण दिवसाचे २४ तास आणि ३५ दिवस धरले, तर ८४० तास होतात. ८४० ला ५ ने गुणले की ४२०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे ४.२ अँपिअर-तास. पाचच्या बॅटरीतले सव्वाचार कोणी हातही न लावता संपले! त्यात बॅटरी नुसती उभी असताना आपोआप थोडी उतरते, ते वेगळेच.

मुलगा सुट्टीत घरी आला. मल्टिमीटर लावून पाहिले तर ११.४ व्होल्ट. पूर्ण भरलेली आणि काही तास स्वस्थ असलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२ च्या खाली गेली की ती रिकामी समजावी. पंपाचा आवाज क्षीण येत होता. धक्क्याचा नाद सोडून शेजारच्या कारची मदत घ्यायचे ठरले.

कारची बॅटरीही १२ व्होल्टचीच असते, फक्त साठा मोठा असतो. व्होल्टेज सारखे असल्यामुळे तिच्या मोठेपणाने मोटारसायकलला इजा होत नाही. मोटारसायकल आपल्याला लागेल तेवढाच करंट घेते. ट्रक आणि मोठ्या बसमध्ये मात्र सहसा २४ व्होल्टची व्यवस्था असते. हमरस्त्यावर बंद पडलो म्हणून ट्रकवाल्याकडून वायर घेणे म्हणजे दुप्पट व्होल्टेज अंगावर घेणे. ते कधीही करू नये.

वायर जोडण्याचा क्रम असा:

१. दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या बंद. कारचे इंजिनही बंद.

२. लाल वायरचे एक टोक मोटारसायकलच्या बॅटरीच्या अधिक (+) टोकाला, दुसरे कारच्या अधिक टोकाला.

३. काळ्या वायरचे एक टोक कारच्या उणे (−) टोकाला.

४. काळ्या वायरचे राहिलेले टोक मोटारसायकलच्या इंजिनावरील रंग नसलेल्या एखाद्या बोल्टला, बॅटरीपासून दूर.

शेवटची जोडणी करताना बारीक ठिणगी उडते. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघू शकतो. म्हणून ती ठिणगी बॅटरीजवळ पडू द्यायची नाही. जोडणी झाल्यावर चार-पाच मिनिटे तशीच ठेवावी, म्हणजे रिकाम्या बॅटरीत थोडा जीव येतो. मग किल्ली ऑन करावी, पंप थांबू द्यावा आणि स्टार्टर तीन-चार सेकंद दाबावा. सुरू झाली नाही तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा. बटण दाबूनच धरले तर स्टार्टरची मोटर आणि वायर तापतात.

गाडी सुरू झाली की ती हळू चालू ठेवून उलट्या क्रमाने वायरी काढाव्यात. आधी मोटारसायकलच्या बोल्टवरची काळी, मग कारवरची काळी, मग लाल. लाल चिमटा गाडीच्या धातूला कुठेही टेकता कामा नये.

तीन महागड्या चुका

पहिली चूक उलट जोडणीची. अंधारात, घाईत, केवळ वायरच्या रंगावर भरवसा ठेवून हे घडते. मोटारसायकलीत उणे वायर काळीच असेल असे नाही. काही कंपन्यांच्या गाड्यांत अर्थची वायर हिरवी असते. म्हणून रंग न पाहता बॅटरीवर कोरलेली अधिक-उण्याची खूण शोधावी. धुळीने ती दिसत नसेल, तर फडक्याने पुसून घ्यावी.

उलट जोडले तर काय होते? गाडीत रेग्युलेटर-रेक्टिफायर नावाचा भाग असतो. इंजिनात तयार होणारी वीज तो बॅटरीला साजेशी करून देतो. त्यातील डायोड एकाच दिशेने उघडणाऱ्या दारांसारखे असतात. जोडणी उलटी झाली की ही सगळी दारे एकदम सताड उघडतात आणि कारची बॅटरी त्यांतून प्रचंड करंट लोटते. नशीब असेल तर बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज आधी वितळतो आणि बाकीचे वाचवतो. म्हणून फ्यूज गेला तर त्यावर लिहिलेल्या आकड्याचाच दुसरा बसवावा. तिथे तांब्याची तार गुंडाळणारा 'कारागीर' पुढच्या वेळी फ्यूजऐवजी इसीयू जाळण्याची व्यवस्था करून ठेवतो. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर आणखी प्रयोग न करता गाडी गॅरेजला न्यावी.

दुसरी चूक म्हणजे कार चालू ठेवून जोडणे. 'कार चालू असेल तर जोर जास्त मिळेल' असे वाटते. पण मोटारसायकलच्या स्टार्टरला कारची बंद अवस्थेतली बॅटरी पुरून उरते. कारचा अल्टरनेटर चालू असताना तो छोट्या, रिकाम्या बॅटरीत तिला न झेपणारा करंट ढकलू शकतो. शिवाय जोडताना किंवा काढताना चिमटा हलला, तर व्होल्टेज क्षणभर उसळी घेऊ शकते. बल्बला अशी उसळी सोसते, इसीयूला सोसेलच असे नाही.

तिसरी चूक सगळ्यांत फसवी, कारण ती अनुभवी हातांकडून होते. गाडी सुरू झाल्यावर 'चार्जिंग होते की नाही बघू' म्हणून चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची. वायर काढूनही गाडी चालू राहिली, तर चार्जिंग ठीक, असा त्यांचा तर्क. बॅटरी ही केवळ विजेची कोठी नाही. तलावाला लाटा शांत कराव्यात तसे ती व्होल्टेजचे चढउतार गिळून टाकते. ती अचानक बाजूला केली, की इंजिनातून येणारी वीज आवरायला कोणी उरत नाही आणि व्होल्टेज एका क्षणात मर्यादेबाहेर जाते. जुन्या गाडीत फार तर बल्ब उडत. आता इसीयू, मीटर आणि रेग्युलेटर, तिन्ही पणाला लागतात. मोटारसायकलची बॅटरी काढून ठेवून थेट कारच्या वायरींवर गाडी सुरू करायची आणि मग वायरी ओढायच्या, हाही याच चुकीचा दुसरा अवतार. बॅटरी मेलेली असली तरी ती जागेवर जोडलेलीच हवी.

नुकसान झाले की नाही, हे ओळखता येते. किल्ली ऑन केल्यावर भरलेल्या बॅटरीवरही पंप गप्प असेल आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागतच नसेल, तर आधी सगळे फ्यूज पाहावेत. ते शाबूत असतील तर संशय इसीयूवर किंवा त्याच्या वायरिंगवर जातो. गाडी चालते पण बॅटरी रोज उतरते, तर संशय रेग्युलेटरवर.

गाडी सुरू झाली, पुढे काय?

चार्जिंग तपासण्याचा बिनधोक मार्ग मल्टिमीटर हाच. बॅटरी जोडलेली असताना तिच्या दोन टोकांवर तो धरावा. इंजिन मंद चालत असताना तेराच्या आसपास आणि अॅक्सिलरेटर थोडा वाढवल्यावर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले, तर व्यवस्था ठीक आहे. आकडा १२ च्या घरातच राहिला, तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि अशी गाडी पळवत राहणे म्हणजे बॅटरी व इसीयू दोन्ही भाजून काढणे.

आपल्या उदाहरणातील गाडीने मंद चालताना १२.९ आणि वेग वाढवल्यावर १४.२ दाखवले. म्हणजे दोष गाडीचा नव्हता, उभे राहण्याचा होता. पण दारात दहा मिनिटे गाडी मंद चालवून बॅटरी भरत नाही. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर सतत चालू असतो. त्यामुळे मंद इंजिनाची बरीचशी वीज तिथेच जाते. अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवली, तर दुसऱ्या दिवशी सुरू होण्यापुरती भर पडते. इतकी उतरलेली बॅटरी पूर्ण भरायची तर चार्जरच हवा आणि तोही छोटा. साठ्याच्या दहाव्या हिश्श्याइतका करंट, म्हणजे ५ च्या बॅटरीला अर्धा अँपिअर, हे जुने माप अजून चालते. कार-ट्रकच्या बॅटऱ्या भरणाऱ्या दुकानातल्या मोठ्या चार्जरवर ती तासाभरात भरून घेण्याचा मोह टाळावा. चार्जर लावताना बॅटरी गाडीतून काढलेली बरी. काढताना आधी उणे टोक, बसवताना उणे टोक शेवटी.

भरल्यानंतर रात्रभर बॅटरी तशीच ठेवून सकाळी मोजावे. १२.६ च्या वर असेल तर ती अजून कामाची आहे. साडेदहाच्या आसपास घसरली, तर तिच्या सहा घरांपैकी एक मेले आहे, असे समजावे. अशा बॅटरीला रोज धक्का देऊन किंवा वायर लावून जगवू नये. ती चार्जिंगवर अखंड भार टाकते आणि रेग्युलेटरलाही घेऊन बुडते.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर बॅटरीचे उणे टोक सोडवून ठेवावे. एका स्क्रूचे काम आहे. घड्याळ पुन्हा लावावे लागेल आणि ट्रॅकर तेवढे दिवस गप्प राहील. ट्रॅकर चालूच हवा असेल, तर घरच्या कोणाला तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी फिरवून आणायला सांगावे.